माणूस निघाला, तर कस्टमरला आधी आपण सांगावं

वाळूजला तू प्लास्टिकच्या पार्टचं काम घेतलंयस, तेव्हा हे आत्ताच ऐकून ठेव. 1985 साली इथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती व्हेंडरांची ही वस्ती वाढली. इथे सगळे एकमेकांना ओळखतात. तुझा डेव्हलपमेंट इंजिनिअर सोडून चाललाय हे तुझ्या कस्टमरला चहाच्या टपरीवर कळलं, तर त्याला वाटणार की तू लपवलंस. मग तू कितीही चांगला आराखडा दे, तो आधी संशयानेच वाचणार.

समज, तुझ्याकडे स्कूटरच्या साइड कव्हरचा मोल्ड चाललाय. पहिली ट्रायल झालीय, दुसरी 18 तारखेला आहे आणि पुढच्या महिन्याच्या 10 तारखेला पीपॅप द्यायचंय. अशात 1 तारखेला इंजिनिअरने राजीनामा दिला. नोटीस 30 दिवसांची. घाईघाईने लगेच फोन लावू नकोस. आधी त्याच्याशी बसून शेवटची तारीख पक्की कर आणि त्याच्या जागी कोण हे ठरव. दोन-तीन दिवसांत हे होतं. त्याहून जास्त थांबू नकोस. नवा माणूस मिळायला वेळ लागणार असेल, तर तोवर तुझा टूलरूमचा प्रमुख जबाबदारी घेईल, असं खरं ते सांग. ज्याची नेमणूकच झाली नाही त्याचं नाव पुढे करू नकोस.

फोन तू स्वतः कर. आधी परचेसला, मग लगेच त्यांच्या सप्लायर क्वालिटीच्या माणसाला. त्याच दिवशी मेल जाऊ दे. त्यात एवढंच हवं:

“आमचे डेव्हलपमेंट इंजिनिअर 31 तारखेपर्यंत आमच्याकडे आहेत. 5 तारखेपासून टूलरूम प्रमुख त्यांच्यासोबत तुमच्या मोल्डवर काम करतील आणि 20 तारखेपासून तुमचा संपर्क टूलरूम प्रमुखांशी राहील. 18 ची ट्रायल दोघे मिळून घेतील. पीपॅपची 10 तारीख कायम आहे. उरलेल्या मुद्द्यांची यादी सोबत आहे. तुमच्याकडचे काही मुद्दे राहिले असल्यास 8 तारखेपर्यंत कळवावेत.”

तो का चाललाय, कुठे चाललाय, हे लिहू नकोस. तो त्याचा खाजगी मामला. “काळजी नसावी” असंही नको. तारखा आणि नावं स्पष्ट असली की ते आपोआप कळतं. तारीख पुढे जाणारच असेल, तर तेही याच मेलमध्ये लिही. आठवडाभराने कळवलंस, तर दोन वाईट बातम्या होतात.

कुणी म्हणेल, फोर-एम बदल कळवण्याचा नियम बहुधा मशीनवरच्या आणि तपासणीच्या माणसापुरता धरतात, हा त्यात कुठे येतो? नसेल येत. तरी करार काढून वाच. काही करारांत प्रकल्पावरच्या माणसांची नावंच लिहिलेली असतात आणि बदलायला कस्टमरची संमती लागते.

आता खरी मेख ऐक. ड्रॉइंग, थ्रीडी डेटा, ट्रायलची पॅरामीटर शीट हे सगळं कॉम्प्युटरवर मिळतं. मिळत नाही ते तोंडी ठरलेलं. कस्टमरचा इंजिनिअर फोनवर म्हणालेला असतो, “मागच्या रिबजवळचा सिंक मार्क चालेल.” आपला माणूस गेला, त्यांचाही बदलला, की पीपॅपच्या टेबलावर तोच पार्ट रिजेक्ट होतो. म्हणून जाणाऱ्याला समोर बसवून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचार: “तुला कोण काय चालेल म्हणालंय?” ती यादी कस्टमरला पाठव. जे त्यांना मान्य असेल त्याचा लिमिट सॅम्पल सही करून घे, नाहीतर डेव्हिएशन लेखी माग. जे ते नाकारतील ते आत्ताच कळेल, मोल्ड दुरुस्त करायला वेळ असताना.

शेवटच्या दहा दिवसांत मीटिंगमध्ये नव्याने बोलायचं आणि जुन्याने गप्प बसायचं. नवा कुठे अडखळतो ते तेव्हाच दिसतं. 20 तारखेनंतरही कस्टमरचे फोन जुन्याच्याच मोबाइलवर येत असतील, तर हँडओव्हर कागदावरच झालाय असं समज आणि नव्याला घेऊन त्यांच्या प्लांटवर जाऊन ये. शेवटच्या दिवशी व्हॉट्सअॅप ग्रुपमधून जुन्याचं नाव काढायचं, आणि त्याच्या मेलवर येणारं सगळं नव्याकडे वळवायचं, हे विसरू नकोस.

आणि जाणाऱ्याशी गोड राहा. तोंडी ठरलेलं सांगायचं की नाही, हे शेवटी त्याच्याच हातात असतं. त्याचा हिशेब अडवून ठेवलास, तर ती यादी तुला कधीच पूर्ण मिळणार नाही.