संतापलेल्या गिऱ्हाइकाचा फोन कसा घ्यावा

कॉल सेंटरच्या नव्या मुलांना एक छोटे नाटक चित्रफितीवर दाखवून शिकवतात. आपल्या हसनाबादच्या कापड दुकानात घडण्यासारखा प्रसंग घेऊ. गिऱ्हाइकाने सोमवारी यूपीआयने २,४०० रुपये दिले. पैसे खात्यातून गेले, पण दुकानदाराला पोचले नाहीत. मंगळवारी त्याने बँकेला फोन केला.

गिऱ्हाईक : माझे पैसे खाल्लेत! दुकानात माझी इज्जत गेली!

प्रतिनिधी : (सगळे ऐकून घेऊन) सोमवारचे २,४०० रुपये कापले गेले, दुकानात पोचले नाहीत आणि तुम्हाला चारचौघांत खजील व्हावे लागले. बरोबर ना, साहेब?

गिऱ्हाईक : हो ना! मग आता काय करू?

संताप उतरल्याची खूण हीच, की माणूस आरोप सोडून प्रश्न विचारतो. व्यवहार क्रमांक तेव्हाच मागावा. आधी मागितला की भडका उडतो. "शांत व्हा" म्हटल्यानेही तसेच होते.

प्रतिनिधी : त्रासाबद्दल माफ करा. पैसे आजच येतील असे मी म्हणणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानात अडकलेली अशी रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत, म्हणजे शनिवारपर्यंत, आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

क्रमांक गिऱ्हाइकाकडून परत वाचून घ्यावा. पिन किंवा ओटीपी मात्र खरा प्रतिनिधी कधी मागत नाही. मागितला तर फोन ठेवून द्यावा.