कानाच्या वरच्या भागाचे छिद्र: जंतुसंसर्ग कसा होतो, जखम सावकाश का भरते आणि तो कसा टाळावा

कान टोचणे आपल्याकडे नवीन नाही. तान्ह्या बाळाची पाळी टोचण्याचा संस्कार घरोघरी होतो, आणि कानाच्या वरच्या कडेला बुगडी किंवा भिकबाळी घालण्याची प्रथाही जुनीच आहे. अलीकडे तरुण मुलेमुली पार्लरमध्ये, दागिन्यांच्या दुकानात किंवा जत्रेतील टपरीवर कानाचा वरचा भाग टोचून घेतात. पाळीला काही झाले नाही, मग वरही काही होणार नाही, असा समज त्यामागे असतो. हा समज चुकीचा आहे. पाळी आणि वरचा कान यांची घडणच वेगळी आहे, आणि म्हणून दोन्ही ठिकाणच्या जखमांची वागणूकही वेगळी असते.

वरच्या कानाची घडण

आपला कान चिमटीत धरून पाहावा. खालची पाळी मऊ लागते. ती केवळ त्वचा आणि चरबी यांची बनलेली असून तिला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. त्यावरचा भाग वाकवला तर तो लवचिक पण ताठ लागतो. तेथे त्वचेखाली कूर्चा असते, जिला आपण बोलीभाषेत कानाचे कुरकुरीत हाड म्हणतो.

या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्या दोन्ही बाजूंना एक पातळ आवरण घट्ट चिकटलेले असते. रक्तवाहिन्या त्या आवरणात असतात आणि तेथून पोषण हळूहळू झिरपत कूर्चेपर्यंत पोहोचते. जखम भरण्यासाठी लागणारे घटक, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि आपण घेतलेले औषध ही सर्व रक्तातूनच येतात. पाळीत ती थेट पोहोचतात, कूर्चेत मात्र आवरणातून झिरपून, थोडी आणि उशिरा. म्हणूनच पाळीचे छिद्र साधारण ६ ते ८ आठवड्यांत भरते, तर वरच्या कानाच्या छिद्राला ३ महिन्यांपासून १ वर्षापर्यंत काळ लागू शकतो.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. छिद्राच्या आतील नवी त्वचा दोन्ही तोंडांकडून मध्याकडे वाढत जाते. त्यामुळे बाहेरून छिद्र बरे दिसू लागते, तेव्हाही आत मधोमध कच्ची जखम शिल्लक असते. या काळात दागिना बदलला, फिरवला किंवा केसांत अडकून ओढला गेला, तर ती नाजूक त्वचा फाटते आणि जंतूंना पुन्हा वाट मिळते.

संसर्गाने कानाचा आकार का बिघडतो

जंतू कूर्चेच्या आवरणापर्यंत पोहोचले की तेथे सूज येते व पू साठू लागतो. हा पू आवरण आणि कूर्चा यांच्या मध्ये साचतो आणि आवरणाला कूर्चेपासून सुटे करतो. आवरण सुटले की कूर्चेचे पोषणच थांबते. काही दिवसांत तो भाग मृत होऊ लागतो, आणि मेलेली कूर्चा पुन्हा पूर्ववत वाढत नाही. कानाला आधार देणारा सांगाडाच गेल्यामुळे कान आक्रसतो, चुरगळल्यासारखा दिसतो. पुढे शस्त्रक्रियेने आकार सुधारण्याचा प्रयत्न करता येतो, परंतु मूळचा कान परत मिळत नाही. या आजारात उशीर परवडत नाही, तो यासाठीच.

हा संसर्ग अनेकदा ‘स्यूडोमोनास’ नावाच्या जंतूमुळे होतो. तो ओलसर जागी सहज वाढतो: नळाचे तोंड, बेसिन, साठवलेले पाणी, पोहण्याचा तलाव, एवढेच नव्हे तर अर्धवट वापरून ठेवलेली जंतुनाशकाची बाटलीदेखील. २००० साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात दागिन्यांच्या एका दुकानात कान टोचून घेतलेल्या अनेकांना असा संसर्ग झाला. ७ जणांमध्ये हा जंतू तपासणीत निश्चित आढळला आणि त्यांपैकी ४ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. आरोग्य अधिकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा ज्या फवाऱ्याच्या बाटलीतील जंतुनाशक तेथे वापरले जात होते, त्या बाटलीतच हा जंतू सापडला. पाळी टोचलेल्यांपेक्षा वरचा कान टोचलेल्यांमध्ये संसर्गाचे प्रमाण अधिक होते. बहुतेकांना सुरुवातीला दिलेली प्रतिजैविके या जंतूवर चालणारी नव्हती, त्यामुळे आजार वाढत गेला.

एक उदाहरण

समजा, १७ वर्षांच्या एका मुलीने पार्लरमध्ये स्प्रिंगच्या बंदुकीने वरचा कान टोचून घेतला. पहिले ३ दिवस छिद्राभोवती थोडी लाली आणि हलकी ठणक होती, कडेला पांढुरकी पातळ लस सुकून खपली धरत होती. येथपर्यंत सारे स्वाभाविक आहे.

पाचव्या दिवशी ती तलावात पोहली. सातव्या दिवशी ठणक कमी होण्याऐवजी वाढली, वरचा कान लाल, गरम व सुजलेला दिसू लागला आणि त्या कुशीवर झोपणे अशक्य झाले. घरच्यांनी हळद व तेल लावले. आठव्या दिवशी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या आणल्या. हे औषध अनेक आजारांत उपयोगी असले तरी स्यूडोमोनासवर त्याचा परिणाम होत नाही. दोन दिवस ‘गोळ्या चालू आहेत’ या भरवशावर गेले. दहाव्या दिवशी ताप आला, कानाच्या कडांचे वळसे सुजेने बुजले आणि दाबल्यावर आत पातळ काही हलत असल्याचे जाणवू लागले. रुग्णालयात चीर देऊन पू काढावा लागला व मेलेल्या कूर्चेचा तुकडाही काढावा लागला. जखम भरली, पण कानाची वरची कड कायमची खचली.

यात वळण बदलता आले असते, अशा जागा स्पष्ट दिसतात. बंदुकीऐवजी निर्जंतुक सुई हवी होती. पोहणे टाळायला हवे होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सातव्या दिवशीच डॉक्टरांकडे जायला हवे होते.

संसर्ग कसा ओळखावा

सामान्य जखमेत दुखणे दिवसेंदिवस कमी होते. संसर्गात ते वाढत जाते. हा पहिला आणि सोपा निकष आहे.

दुसरी खूण पाळीची आहे. पाळीत कूर्चा नसल्याने, कूर्चेच्या आवरणाचा संसर्ग झाल्यास वरचा कान लाल व सुजलेला असतो, परंतु पाळी बहुधा नेहमीसारखीच राहते. कान हलकेच वाकवताना तीव्र वेदना होणे, पिवळा किंवा हिरवट पू येणे, ताप येणे ही पुढची लक्षणे होत.

दुखण्यापेक्षा खाज अधिक असेल आणि दागिना टेकतो तेथेच पुरळ असेल, तर ती धातूची, विशेषतः निकेलची, ॲलर्जी असू शकते. त्याचा निर्णयही डॉक्टरांकडूनच करून घ्यावा.

संसर्गाची शंका आल्यास

त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे आणि ‘वरच्या कानाचे हाड टोचले आहे’ हे स्पष्ट सांगावे. त्यावरूनच डॉक्टर स्यूडोमोनासवर चालणारे औषध निवडतात. पू असल्यास तो तपासणीसाठी पाठवला जातो. गाठीसारखा साठलेला पू केवळ गोळ्यांनी जात नाही, तो बाहेर काढावाच लागतो.

दागिना स्वतः ओढून काढू नये. छिद्राची तोंडे मिटली तर पू आत कोंडला जाऊ शकतो. दागिना केव्हा काढायचा हे डॉक्टर ठरवतील. कान दाबून पू पिळू नये. हळद, तेल, राख, टूथपेस्ट लावू नये. उरलेल्या जुन्या गोळ्या किंवा दुकानदाराने सुचवलेली औषधे घेऊ नयेत. बरे वाटू लागले तरी डॉक्टरांनी सांगितलेला औषधांचा क्रम पूर्ण करावा.

टोचण्यापूर्वी

बंदुकीने वरचा कान टोचून घेऊ नये. बंदूक बोथट दांडा जोराने आत ढकलते. मऊ पाळीत तो निभावतो, पण ताठ कूर्चा त्याने चिरडते आणि तिचे आवरण सुटे होऊ शकते. शिवाय बंदुकीचे प्लॅस्टिकचे भाग वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाहीत.

टोचणाऱ्या व्यक्तीने आपल्यासमोर हात धुऊन नवे हातमोजे घालावेत आणि एकदाच वापरायची पोकळ सुई बंद पाकिटातून काढावी. तसे होत नसेल तर निःसंकोच परत यावे. एकाच सुईने अनेकांचे कान टोचल्यास कावीळ ‘ब’ व ‘क’ आणि एचआयव्ही यांचाही धोका असतो. धनुर्वाताची लस घेतलेली आहे ना, हे आधी पाहावे. मधुमेह असणाऱ्यांनी, रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी, तसेच ज्यांच्या जखमेचे वण फुगून वाढतात त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वरचा कान टोचू नये.

टोचल्यानंतर

साबणाने हात धुतल्याशिवाय कानाला स्पर्श करू नये. दिवसातून दोनदा औषधाच्या दुकानात मिळणारे ०.९ टक्के निर्जंतुक सलाईन स्वच्छ गॉजवर घेऊन छिद्राच्या दोन्ही बाजू भिजवाव्यात, सुटलेली खपली अलगद पुसावी आणि कान कोरडा करावा. चिकटलेली खपली नखाने काढू नये. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरू नये, कारण त्याने नवी वाढणारी त्वचाही मरते. दागिना फिरवू नये.

जखम भरेपर्यंत तलाव, नदी व समुद्रात पोहणे टाळावे. त्या कुशीवर झोपू नये, फोन दुसऱ्या कानाला लावावा आणि हेल्मेट घालता-काढताना दागिना अडकणार नाही, याची काळजी घ्यावी. बाहेरून छिद्र बरे दिसले तरी किमान ३ महिने, आणि दुखरेपणा पूर्ण जाईपर्यंत, दागिना बदलू नये.

वरच्या कानाची ठणक दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा वाढली असेल, तर आणखी एक दिवस वाट पाहू नये. पू साठण्याआधी मिळालेले योग्य औषध कूर्चा वाचवू शकते. कूर्चा मेल्यानंतर तेच औषध तिला परत आणू शकत नाही.