‘किरकोळ’ म्हणून सोडलेले ४२ हजार

अकोल्याच्या डाळमिलमध्ये माझी चार आण्यांची भागीदारी होती. मी अमरावतीला राहायचो, हिशेब वर्षातून एकदा बघायचो. त्या वर्षी उलाढाल ४ कोटी आणि नफा फक्त ३ लाख १२ हजार. मी खर्चाची यादी घेऊन बसलो आणि ६४० रुपयांच्या फरकावर तासभर वाद घातला. सीए म्हणाले, हा फरक शोधायला जितका वेळ जाईल तितकी त्याची किंमत नाही, त्याने तुमचा कुठलाच निर्णय बदलत नाही. ते बरोबर होते, हे आज मान्य करतो.

त्याच यादीत खाली ‘गोदाम भाडे ४२,०००’ होतं. विचारलं, तर मोठे भागीदार हसले. “भाऊ, किरकोळ आहे ना ते! कायले डोकं खपवता?” सीएंनीही मान डोलावली. त्यांनी उलाढालीच्या अर्ध्या टक्क्याची, म्हणजे २ लाखांची मर्यादा धरली होती. त्याखालचं खोदायचं नाही.

रात्री अमरावतीला परतताना बडनेऱ्याजवळ डोक्यात उजेड पडला. नफाच ३ लाख १२ हजार असेल, तर २ लाखांची चूक किरकोळ कशी? डाळीच्या धंद्यात उलाढाल फुगलेली असते आणि नफा बारीक. नफ्याच्या पाच टक्के धरले असते, तर मर्यादा १५,६०० आली असती आणि ते भाडं आपोआप वर आलं असतं.

दुसऱ्या दिवशी भाडेपावती मागितली. गोदाम भागीदारांच्या पत्नीच्या नावावर होतं. ३१ मार्चच्या साठ्याच्या यादीत त्या गोदामाचं नावच नव्हतं. आत तूर होती, ६० क्विंटल. ७,००० च्या भावाने ४ लाख २० हजार. भागीदार म्हणाले, ती माझी स्वतःची. मग फर्म भाडं कशाचं भरत होती? याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. ती तूर फर्मची धरली तर नफा ७ लाख ३२ हजार होतो, आणि माझ्या वाट्याचे १ लाख ५ हजार बुडाले.

म्हणून सांगतो, कुणी ‘किरकोळ’ म्हटलं की आधी विचारा, कशाच्या मानाने? मग पैसे कुणाला गेले ते बघा. घरच्या माणसाला दिलेली रक्कम लहान असली तरी ती लहान समजायची नाही. तेव्हा टॅक्स ऑडिटच्या ३सीडी फॉर्मात २३ व्या कलमाखाली अशी देणी दाखवावी लागत. आमच्या फॉर्मात ती जागा कोरी होती, आणि मी तो फॉर्म कधी उघडलाच नव्हता. नफ्याचा तोटा किंवा तोट्याचा नफा करणारी रक्कमही लहान नसते. बाकी चहा, स्टेशनरी, पैशांची गोळाबेरीज सोडून द्या. आणि साठा मोजताना स्वतः हजर राहा, भाडं भरलेल्या प्रत्येक गोदामाचं कुलूप उघडायला लावा.

भागीदारी मोडली. ते अजून गावात सांगत फिरतात की मी ६४० रुपयांसाठी भांडलो.