आयतांच्या बेरजेतून क्षेत्रफळ : निश्चित संकलनाचा एक पाठ

ज्या आकृतीच्या सर्व बाजू सरळ आहेत तिचे क्षेत्रफळ काढण्याची रीत आपण प्राथमिक शाळेतच शिकतो. आयताची लांबी आणि रुंदी गुणावी, त्रिकोण असेल तर त्याचे निम्मे करावे, आणि आकृती वेडीवाकडी असेल तर तिचे त्रिकोण पाडावेत. परंतु आकृतीची एकच बाजू वक्र असली तरी ही रीत थांबते, कारण वक्र कडेला कोणताही त्रिकोण तंतोतंत बसत नाही. अशा आकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तेथे उभा राहतो. निश्चित संकलन हे त्याचे उत्तर आहे.

बारावीतील विद्यार्थी निश्चित संकलनाची उदाहरणे दोन ओळींत सोडवतो. संकलनाचे सूत्र लिहितो, वरची आणि खालची किंमत घालतो व वजाबाकी करतो. उत्तर बरोबर येते; पण ते क्षेत्रफळच का असते, हे त्या दोन ओळींत कोठेही दिसत नाही. ते पाहायचे तर बेरजेच्या सीमेकडे जावे लागते. प्रस्तुत लेखात आपण एकच लहान उदाहरण घेऊन ती वाट पहिल्या पायरीपासून चालणार आहोत.

उदाहरण आणि त्याची मांडणी

y = x² ही अन्वस्त वक्ररेषा घेऊ. तिच्या खाली, X-अक्षाच्या वर, आणि x = 1 व x = 3 या दोन उभ्या रेषांच्या मध्ये जो भाग सापडतो त्याचे क्षेत्रफळ आपल्याला हवे आहे. ते असे लिहितात :

∫₁³ x² dx

यातील लांबट चिन्ह लाइब्निट्सने १६७५ साली योजले. लॅटिन भाषेतील बेरीज या अर्थाच्या शब्दाचे ते आद्याक्षर आहे. म्हणजे संकलन ही मुळात बेरीजच आहे, हे चिन्हातच नोंदलेले आहे.

आता १ ते ३ या अंतराचे n समान भाग करू. संपूर्ण अंतर २ आहे, म्हणून प्रत्येक भागाची रुंदी

h = (3 − 1)/n = 2/n

होईल. प्रत्येक भागावर एक उभा आयत उभारू आणि त्याची उंची त्या भागाच्या उजव्या टोकाशी वक्ररेषा जितकी उंच असेल तितकी घेऊ. पहिल्या भागाचे उजवे टोक 1 + h, दुसऱ्याचे 1 + 2h, आणि सर्वसाधारणपणे r क्रमांकाच्या भागाचे उजवे टोक 1 + rh, म्हणजे 1 + 2r/n. तेथील उंची या संख्येचा वर्ग आहे.

बीजगणित सुरू करण्यापूर्वी n = 4 घेऊन हे हातांनी करून पाहावे. रुंदी ०.५ येते. उजवी टोके १.५, २, २.५ आणि ३. त्यांचे वर्ग २.२५, ४, ६.२५ आणि ९. उंचींची बेरीज २१.५, तिला ०.५ ने गुणले की १०.७५. वक्ररेषा सतत चढत असल्यामुळे प्रत्येक आयताचा माथा रेषेच्या वर डोकावतो; म्हणून खरे क्षेत्रफळ १०.७५ पेक्षा कमी असले पाहिजे.

आता उंची डाव्या टोकाची घेऊ. टोके १, १.५, २ आणि २.५, उंचींची बेरीज १३.५, आयतांची बेरीज ६.७५. येथे प्रत्येक आयत रेषेच्या खालीच राहतो, म्हणून खरे क्षेत्रफळ ६.७५ पेक्षा जास्त आहे. केवळ चार आयतांतून आपल्याला दोन भिंती मिळाल्या : ६.७५ आणि १०.७५. आपले उत्तर या दोहोंच्या मध्येच कोठेतरी आहे. या दोन संख्या वहीच्या समासात लिहून ठेवाव्यात. त्या पुढे उपयोगी पडतील.

बेरजेची सूत्रे

n ही कोणतीही संख्या ठेवून बेरीज करायची तर दोन सूत्रे लागतात. पहिल्या n नैसर्गिक संख्यांची बेरीज n(n + 1)/2 असते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. पहिल्या n संख्यांच्या वर्गांची बेरीज

1² + 2² + … + n² = n(n + 1)(2n + 1)/6

इतकी असते. इ. स. ४९९ मध्ये रचलेल्या आर्यभटीयात हा नियम रचलेल्या राशींच्या संदर्भात आला आहे : n, n + 1 आणि 2n + 1 या तिघांच्या गुणाकाराचा सहावा भाग. विद्यार्थी हे सूत्र पाठ करतात, पण ते सिद्ध करणे कठीण नाही. (r + 1)³ − r³ = 3r² + 3r + 1 ही ओळख घ्यावी, r च्या जागी 1 पासून n पर्यंत संख्या घालाव्यात आणि सर्व ओळींची बेरीज करावी. डावीकडे मधले सगळे घन एकमेकांना छेद देऊन निघून जातात आणि फक्त (n + 1)³ − 1 उरते. उजवीकडे वर्गांच्या बेरजेची तिप्पट, नैसर्गिक संख्यांच्या बेरजेची तिप्पट आणि n असतात. त्यातून वर्गांची बेरीज वेगळी काढली की वरील सूत्र मिळते. पडताळा हवा असल्यास n = 4 घालावे : 4 × 5 × 9 ÷ 6 = 30, आणि 1 + 4 + 9 + 16 हेही ३०च.

बेरीज आणि मग सीमा

उजव्या टोकांच्या आयतांची बेरीज Sₙ म्हणू. बेरजेसाठी सिग्मा हे चिन्ह वापरू. R ची किंमत सर्वत्र 1 ते n आहे.

Sₙ = Σ (2/n)(1 + 2r/n)²
= (2/n) Σ (1 + 4r/n + 4r²/n²)
= (2/n) [ Σ1 + (4/n) Σr + (4/n²) Σr² ]

येथे n ही स्थिर संख्या आहे, बदलतो तो r. म्हणूनच n असलेले गुणक सिग्माच्या बाहेर काढता आले. Σ1 म्हणजे एक ही संख्या n वेळा, म्हणून ती n. आता सूत्रे घालू :

Sₙ = (2/n)·n + (8/n²)·n(n + 1)/2 + (8/n³)·n(n + 1)(2n + 1)/6
= 2 + 4(1 + 1/n) + (4/3)(1 + 1/n)(2 + 1/n)

कंस सोडवून सारख्या पदांची जुळणी केली की

Sₙ = 26/3 + 8/n + 4/(3n²)

n = 4 घालून पाहावे : 26/3 + 2 + 1/12 म्हणजे १०.७५. हाताने काढलेली बेरीज तंतोतंत मिळाली. आता n अमर्याद वाढू दिला तर 8/n आणि 4/(3n²) ही दोन्ही पदे शून्याकडे जातात आणि उरते

∫₁³ x² dx = 26/3

म्हणजे सुमारे ८.६७.

हे उत्तर अंदाजे नाही

आयत कितीही अरुंद केले तरी त्यांचे माथे सपाटच राहणार, मग उत्तर थोडे चुकलेलेच नाही का, अशी शंका विचारी विद्यार्थी घेतो. ती रास्त आहे. तिचे उत्तर दोन भिंतींत आहे. डाव्या टोकांची बेरीज अशाच रीतीने काढली तर ती 26/3 − 8/n + 4/(3n²) येते. दोन बेरजांतील फरक 16/n इतका. चार आयतांना तो ४, शंभर आयतांना ०.१६, हजार आयतांना ०.०१६. शंभर आयत घेतल्यास डावी बेरीज ८.५८६८ आणि उजवी ८.७४६८ येते. खरे क्षेत्रफळ प्रत्येक वेळी या दोहोंच्या मध्ये आहे, आणि भिंती हव्या तितक्या जवळ आणता येतात. प्रत्येक n साठी दोन्ही भिंतींच्या मध्ये राहील अशी संख्या एकच आहे, आणि ती २६/३. कोणत्याही ठरावीक n साठी आयतांची बेरीज चुकलेली असते. तिची सीमा मात्र चुकलेली नसते. ही सीमा म्हणजेच निश्चित संकलन, असे रीमानने १८५४ साली मांडलेल्या व्याख्येचे सार आहे.

चुका कोठे होतात

सर्वांत मोठी चूक क्रमाची असते. बेरीज करण्यापूर्वीच n अमर्याद वाढवला तर प्रत्येक आयताचे क्षेत्रफळ शून्य होते आणि विद्यार्थी उत्तर शून्य लिहितो. आयत लहान होतात तसतशी त्यांची संख्याही वाढते; या दोहोंचा मेळ बेरजेतच बसतो. म्हणून आधी सूत्रांनी बेरीज पूर्ण करावी, सिग्मा नाहीसा करावा आणि मगच सीमा घ्यावी.

दुसरी चूक Σ1 ला n ऐवजी 1 मानण्याची. तसे केल्यास सुरुवातीचे २ गळून पडतात आणि उत्तर २०/३, म्हणजे सुमारे ६.६७ येते. तिसरी चूक खालची मर्यादा विसरून टोक 2r/n घेण्याची. मग ० ते २ मधले क्षेत्रफळ, ८/३, हाती येते. चौथी चूक रुंदी h ने गुणायचे विसरण्याची. त्यात बेरीज अमर्याद वाढत जाते. समासातील दोन संख्या आता पाहाव्यात. ६.६७ आणि २.६७ ही दोन्ही उत्तरे ६.७५ च्या खाली पडतात, शून्यही पडते, आणि अमर्याद बेरीज तर १०.७५ ओलांडूनच जाते. चार आयतांची दोन मिनिटांची बेरीज चारही चुका उघड्या पाडते.

या रीतीची मर्यादा

बहुपदींसाठी ही रीत चांगली चालते, कारण संख्यांच्या घातांच्या बेरजेची सूत्रे उपलब्ध आहेत. परंतु √x साठी समान भाग केले तर वर्गमुळांची बेरीज करावी लागते आणि तिला असे सुटसुटीत सूत्र नाही. म्हणून व्यवहारात आपण विकलनाच्या उलट वाटेने जातो : x² चे संकलन x³/3, त्यात 3 आणि 1 घालून 27/3 − 1/3 = 26/3. दोन्ही वाटा एकाच संख्येशी पोहोचतात, हा कलनशास्त्राचा मूलभूत सिद्धांत आहे. मात्र दुसरी वाट नेहमी खुली नसते. परिचित फलांत ज्याचे संकलन लिहिताच येत नाही अशी फले आहेत. E च्या −x² या घाताचे फल त्यांपैकीच एक. तेथे उत्तराची किंमत काढताना पुन्हा अरुंद पट्ट्यांची बेरीजच कामी येते.

वाचकांसाठी

∫₀² x³ dx याच रीतीने काढून पाहावे. पहिल्या n संख्यांच्या घनांची बेरीज ही त्या संख्यांच्या बेरजेचा वर्ग असते, म्हणजे n²(n + 1)²/4. आरंभी चार आयतांच्या दोन भिंती काढाव्यात, त्या २.२५ आणि ६.२५ येतील. नंतर उजवी बेरीज 4(1 + 1/n)² येते का ते पाहावे, आणि सीमा घेऊन मिळालेले ४ हे उत्तर त्या भिंतींच्या आत बसते याची खात्री करावी.