पाहुण्याकडे पाहणारा यंत्रमानव

इंदूरच्या राजवाड्यासमोरील एका दुकानात स्वागतासाठी ठेवायचा छोटा यंत्रमानव मी तयार केला. त्याचे डोळे १२८ × ६४ बिंदूंच्या पडद्यावर दिसतात. मान सर्वो मोटरीने वळते आणि कपाळावर कॅमेरा आहे. आवाज, हार घालणारे हात वगैरे गोष्टी मी मुद्दामच टाळल्या. माणसाला प्रथम जाणवते ती नजर.

मान वळविण्याचे गणित सोपे दिसते. कॅमेऱ्याचे चित्र ३२० बिंदू रुंद असून त्यात सुमारे ६० अंशांचा पट्टा मावतो. मध्य १६० वा बिंदू. चेहरा २२० व्या बिंदूवर सापडला, तर फरक ६० बिंदूंचा, म्हणजे सुमारे ११ अंशांचा. मग मान एकदम ११ अंश का वळवू नये? कारण चेहरा शोधण्यास वेळ लागतो. मान वळत असतानाच टिपलेले जुने चित्र हाती येते, यंत्र पुन्हा तेवढेच वळते आणि चेहऱ्याच्या पलीकडे जाते. मग उलट फिरते. पाहणाऱ्याला वाटते, हा नकार देत आहे!

म्हणून प्रत्येक वेळी फरकाचा एक तृतीयांश भागच वळावे. ११ चे साडेसात, साडेसाताचे पाच, पाचाचे सव्वातीन उरतात. चार अंशांच्या आत आल्यावर मान थांबवावी, अन्यथा ती सतत थरथरते. उरलेले तीन अंश वाया जात नाहीत. ते डोळ्यांची बाहुली भरून काढते. बाहुलीला वजन नाही, म्हणून ती चेहऱ्याकडे आधी सरकते, मान मागून येते आणि तसतशी बाहुली मध्यावर परतते. माणूसही बहुधा असाच पाहतो. हा क्रम उलटला की यंत्र निर्जीव वाटते, मग भुवया कितीही सुंदर काढा.

पापणी मिटणे साधारण दीड दशांश सेकंदाचे असते. पडद्याचे एक चित्र १०२४ बाइटांचे. I2C तारेचा वेग १०० किलोहर्ट्झ ठेवला, तर ते पाठविण्यास जवळजवळ एक दशांश सेकंद जातो आणि पापणी एकाच झटक्यात पडते. ४०० वर हेच काम चोवीस सहस्रांश सेकंदात होते आणि मिटणे दिसू लागते.

खरी अडचण जागेची निघाली. चेहरा शोधण्याची व्हायोला व जोन्स यांची २००१ ची पद्धत उजेड-अंधाराचे आयत ताडून पाहते: डोळे गडद, गाल उजळ. दारातून चौकातले ऊन मागून आले की ग्राहकाचा सारा चेहराच काळा पडतो आणि तो सापडत नाही. उलट समोरच्या फलकावरील पुढाऱ्याचे छायाचित्र मात्र अचूक सापडते, आणि यंत्र दिवसभर त्यालाच नमस्कार करीत राहते. उपाय दोन. दाराकडे पाठ न करता यंत्र बाजूच्या भिंतीला लावावे, म्हणजे उजेड चेहऱ्यावर पडतो. आणि जो चेहरा पाच सेकंदांत जराही हललेला नाही, तो यादीतून वगळावा. मात्र हे हालणे चित्रातील जागेत मानेचा कोन मिळवूनच मोजावे, नाहीतर मान वळताच फलकही हलल्यासारखा वाटतो.