बाटली उकळली, पण चमच्याचे काय?

गेल्या मे महिन्यात एक आजी चार महिन्यांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. दोन दिवसांपासून बाळाला पाण्यासारखे जुलाब होत होते. महिन्याभरातली ही दुसरी वेळ. टाळू किंचित खोल गेली होती, पण बाळ सावध होते आणि अंगावर पीत होते, एवढी जमेची बाजू. बाळाची आई शिक्षिका. सुट्टीतही तिला प्रशिक्षणासाठी रोज जावे लागत होते. बाळ दिवसभर आईचेच दूध पीत असे. फक्त दुपारी एकदा आजी त्याला डब्यातल्या पावडरीचे दूध बाटलीने पाजत असत.

बाटलीचे नाव काढताच आजी थोड्या दुखावल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, बाटली मी रोज दहा मिनिटे उकळते. एक दिवस चुकवलेला नाही." त्यांचे म्हणणे खरे होते. मी म्हटले, "आजी, चूक काढायची नाही, पण उद्या येताना बाटली, चमचा आणि डबा असेच्या असे घेऊन या. मुद्दाम काही धुऊ नका."

दुसऱ्या दिवशी तिन्ही वस्तू टेबलावर मांडल्या. बाटली खरोखरच लख्ख होती. निपल मात्र उलटे करून पाहिले, तर आतल्या काठाच्या खाचेत पिवळसर, बुळबुळीत थर होता. डब्यातला मापाचा चमचा ओलसर होता आणि त्याच्या तळाला पावडरीची खरपुडी धरली होती. डब्यात बोराएवढे खडे झाले होते आणि झाकणाची आतली बाजू चिकट लागत होती. "हा चमचा धुता का?" असे विचारल्यावर आजी म्हणाल्या, "रोज धुते ना! नळाखाली खळखळून धुते आणि परत डब्यात ठेवते."

स्वच्छतेच्या हौसेने केलेली नेमकी हीच गोष्ट घातक ठरते.

कोरडी पावडर आणि ओली पावडर

डब्यातली पावडर कारखान्यात कितीही काळजीने भरलेली असली, तरी ती निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित थोडे जंतू असू शकतात. क्रोनोबॅक्टर नावाचा एक जंतू कोरड्या पावडरीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. फक्त कोरडेपणात त्याची वाढ होत नाही. वाढायला त्याला पाणी आणि ऊब लागते. ओला चमचा डब्यात गेला की पाणी मिळते, आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या मे महिन्यात उबेची काही वाण नसते. शिवाय नळाच्या पाण्यातले आणि हातावरचे जंतू त्याच चमच्यातून पावडरीत उतरतात. बाटली दहा मिनिटे उकळून निर्जंतुक करायची आणि तिच्यात डब्यातला ओला गोळा टाकायचा, असा हा उलटा प्रकार होतो.

या बाळाचे जुलाब नेमक्या कोणत्या जंतूने झाले, याची तपासणी मी केलेली नाही. निपलमधला थर, ओला चमचा आणि गोळे झालेली पावडर यांपैकी कोणतेही एक कारण त्याला पुरेसे होते.

बाटली आणि निपल

उकळण्याआधी घासणे आले. दुधाची साय काचेला किंवा प्लास्टिकला चिकटून वाळली की तिच्याखालचे जंतू उकळूनही वाचू शकतात. म्हणून बाळाचे पिऊन होताच बाटली साध्या पाण्याने विसळावी. मग गरम पाणी, साबण आणि बाटलीचा ब्रश घेऊन आतून घासावी. निपल उलटे करून त्याची खाच बोटाने चोळावी आणि भोकातून पाणी दाबून बाहेर काढावे. निपल चिकट झाले असेल, फुगले असेल किंवा त्याला चीर गेली असेल, तर ते फेकून द्यावे.

उकळण्यासाठी एक पातेले वेगळे ठेवावे. बाटली पाण्यात पूर्ण बुडाली पाहिजे आणि तिच्यात हवेचा बुडबुडा राहता कामा नये. जिथे बुडबुडा असतो तिथे पाणी पोचत नाही. झाकण ठेवावे आणि पाण्याला खळखळून उकळी फुटल्यापासून दहा मिनिटे मोजावीत. निपल व चकती शेवटची पाच मिनिटे टाकली तरी चालते. मग गॅस बंद करून सर्व वस्तू गरज लागेपर्यंत झाकलेल्या पातेल्यातच राहू द्याव्यात. काढायच्या वेळी हात साबणाने धुवावेत आणि उकळून घेतलेल्या चिमट्याने वस्तू उचलाव्यात. फडक्याने किंवा पदराने पुसू नये, पुसले की उकळण्याचे कष्ट वाया जातात.

खरे तर बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले बरे. त्याला खाचाखोचा कमी असतात, घासले गेले की नाही ते डोळ्यांना दिसते. अर्थात तेही घासून उकळलेच पाहिजे.

मापाचा चमचा

या चमच्याचा नियम बाटलीपेक्षा वेगळा आहे. तो रोज धुवायचा नाही, कोरडा ठेवायचा. हात धुऊन, कोरडे करून मगच डबा उघडावा आणि चमचा दांड्यानेच धरावा. काम झाल्यावर झाकणाखाली त्याच्यासाठी खोबण असेल तर तिथे अडकवावा. नसेल तर उकळून पूर्ण सुकवलेल्या घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत ठेवावा.

एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बाटलीतल्या गरम पाण्याची वाफ वर येते. चमचा बाटलीच्या तोंडाला टेकवून उपडा केला की ती वाफ चमच्यावर धरते. दुसऱ्या मापाला पावडर चिकटते, आणि तोच दमट चमचा डब्यात जातो. म्हणून चमचा तोंडापासून थोडा वर धरून पावडर सोडावी. चमच्याच्या तळाला पावडर चिकटलेली दिसली, तर ओल पोचली असे समजावे.

चमचा खाली पडला किंवा उष्टा झाला, तर साबणाने धुवावा, त्यावर उकळते पाणी ओतावे आणि पार कोरडा होईपर्यंत वापरू नये. पातळ प्लास्टिकचा चमचा गॅसवर उकळत ठेवू नये, तो वाकला तर माप बदलते. दर नव्या डब्याबरोबर नवा चमचा येतो. तो घ्यावा, जुना टाकून द्यावा. एका कंपनीचा चमचा दुसऱ्या कंपनीच्या डब्यात कधीही वापरू नये, कारण दोन्हींचे माप सारखे असेलच असे नाही.

डबा कुठे ठेवायचा?

आजींचा डबा गॅसच्या वरच्या फळीवर होता. हाताशी असावा म्हणून ठेवलेला. पण त्या फळीवर भाताची वाफही जाते आणि आचही लागते. मी हे सांगताच त्या म्हणाल्या, "मग फ्रिजमध्ये ठेवू का?" तेही नको. फ्रिजमधला गार डबा बाहेर काढून उघडला की बाहेरच्या हवेतली ओल आत धरते, जसा गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसा. फ्रिजच्या डोक्यावरही नको, तिथे गरम हवा असते. माठाजवळची जागा गार असते खरी, पण दमट असते.

डब्याला हवी कोरडी, सावलीतली आणि घरातल्या घरात त्यातल्या त्यात थंड जागा. मधल्या खोलीतल्या बंद कपाटाचा खालचा कप्पा उत्तम. भिंतीला ओल येत असेल तर पावसाळ्यात जागा बदलावी. डब्यातली पावडर बरणीत ओतून ठेवू नये, कारण तारीख आणि सूचना डब्यावरच असतात.

डबा उघडला त्या दिवसाची तारीख त्याच्यावर पेनाने लिहावी. उघडल्यावर तो किती दिवसांत संपवायचा हे डब्यावर छापलेले असते, बहुधा तीन ते चार आठवडे. आता आजींचा हिशेब पाहा. बाळ दुपारी १२० मिलिलिटर दूध घेई. त्यांच्या डब्याच्या मापाने ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा, म्हणजे रोज चार चमचे. चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम पावडर मावते, म्हणजे दिवसाला १८ ग्रॅम. या हिशेबाने ४०० ग्रॅमचा डबा २२ दिवस चालणार. केवळ वरच्या दुधावर असलेल्या मुलाचा तोच डबा चार-पाच दिवसांत संपतो. म्हणजे ज्या बाळाला दिवसातून एकदाच बाटली लागते, त्याचाच डबा जास्त दिवस उघडा राहतो आणि त्याचीच जास्त काळजी घ्यावी लागते. अशा घरात मोठा डबा स्वस्त पडला तरी घेऊ नये.

पावडरीत गोळे झाले, रंग पिवळट झाला किंवा खवट वास आला, तर डबा टाकून द्यावा. मात्र वास चांगला आहे म्हणून पावडर चांगली, असे म्हणता येत नाही. जंतूंना वास नसतो.

दूध तयार करताना

पावडर निर्जंतुक नसल्यामुळे तिच्यातले जंतू मारायचे काम पाण्याच्या उष्णतेने करायचे असते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ च्या मार्गदर्शनात ७० अंशांपेक्षा कमी तापमानाचे पाणी वापरू नका, असे सांगितले. काही डब्यांवर कोमट पाण्याची सूचना असते, पण त्याने जंतू मरत नाहीत. घरी तापमापक नसतो, म्हणून सोपी रीत अशी: एक लिटर पाणी उकळावे, झाकून ठेवावे आणि अर्ध्या तासाच्या आत वापरावे. पेलाभर पाणी उकळले तर ते फारच लवकर निवते.

बाटलीत आधी पाणी मोजून घ्यावे, मग चमचा सुरीच्या पाठीने सपाट करून पावडर घालावी. झाकण लावून हलवावे आणि बाटली गार पाण्याच्या भांड्यात धरून निववावी. पाणी झाकणापर्यंत येऊ देऊ नये. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून तो कोमट लागला की पाजावे. केलेले दूध दोन तासांच्या आत संपवावे. बाळाने अर्धे पिऊन सोडले, तर उरलेले पुन्हा देऊ नये. दोन वेळचे एकदम करून उन्हाळ्यात ओट्यावर ठेवणे म्हणजे जंतूंना विरजण लावणेच होय.

बाळाला मी क्षार-संजीवनी आणि चौदा दिवस जस्ताची मात्रा दिली, आईचे दूध चालूच ठेवायला सांगितले. ते चार दिवसांत सावरले. आईला सकाळी दूध काढून उकळलेल्या स्टीलच्या झाकणाच्या वाटीत फ्रिजमध्ये ठेवायला शिकवले. ते चोवीस तासांत वापरता येते. पुढच्या आठवड्यात आजी आल्या तेव्हा नवा डबा पिशवीतच होता. त्यावर तारीख लिहिलेली होती आणि चमचा खडखडीत कोरडा होता. "आता आठवड्यातून एखाद्या वेळीच लागतो," त्या म्हणाल्या. मी तारीख पाहिली आणि त्यांना तीन आठवड्यांनंतरचा वार डब्यावर लिहून दिला. त्या दिवशी डबा भरलेला असला तरी टाकायचा.

बाटलीने दूध पिणाऱ्या बाळाला जुलाब झाले आणि लघवी कमी झाली, टाळू खोल गेली, बाळ मलूल पडले किंवा दूध ओढेनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. जाताना बाटली, चमचा आणि डबा बरोबर न्यावेत, न धुता.