बोनस कर्जात, पगारातलं एसआयपीत

बोनस आला की पस्तिशीतली पोरं मला एकच विचारतात, तूही तेच विचारलंस : मामा, कर्जात भरू की म्युच्युअल फंडात टाकू? ज्याची उभी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, तो याचं उत्तर देण्याआधी कागद मागणारच. म्हणून आधी तुझ्या कर्जाचं स्टेटमेंट काढ आणि आज तुला कोणत्या दराने व्याज लागतंय ते बघ. मग तीच बँक आज नव्या ग्राहकाला काय दर देते ते बघ. बदलत्या दराच्या कर्जात रेपो रेटवर बँक आपला स्प्रेड चढवते. रेपो खाली आला की तुझा दर उतरतो, पण स्प्रेड तू कर्ज घेतलंस तेव्हाचाच राहतो. नव्या गिऱ्हाइकाला ओढायला बँका तो कमी करतात आणि जुन्याला आपण होऊन कळवत नाहीत. तफावत दिसली तर शाखेत अर्ज दे. थोडी फी घेऊन बहुतेक बँका दर उतरवतात. अर्धा टक्का उतरला तरी पस्तीस-चाळीस लाखांच्या कर्जात महिन्याला हजार रुपये वाचतात, आणि ना बोनसला हात लागतो ना शेअर बाजाराचा धोका येतो.

आता तुझंच उदाहरण घेऊ. 40 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं, हप्ता 34,713 रुपये. पाच वर्षांत तू 20 लाख 83 हजार भरलेस, तरी मुद्दल अजून 35 लाख 25 हजार बाकी आहे. हे बघून तुझ्या पोटात गोळा येतो आणि कर्ज एकदाचं संपवावंसं वाटतं. यात बँकेची लबाडी नाही. व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं, म्हणून पहिल्या हप्त्यातले 28,333 रुपये व्याजातच गेले.

महिन्याला दहा हजार शिल्लक पडतात म्हणालास. ते कर्जात भरत गेलास तर उरलेली 15 वर्षं पावणेदहा वर्षांवर येतात आणि पावणेअकरा लाखांच्या आसपास व्याज वाचतं. तेच दहा हजार 15 वर्षं एसआयपीत घातले आणि 11 टक्के परतावा मिळाला, तर साडेपंचेचाळीस लाख होतात. फंड विकणारा हे दोन आकडे शेजारी ठेवतो आणि विचारतो, अकरा लाख हवेत की पंचेचाळीस?

इथेच फसायला होतं. पहिल्या वाटेने गेलास तर पावणेदहा वर्षांनी कर्ज संपतं आणि पुढची सव्वापाच वर्षं महिन्याला 44,713 रुपये मोकळे होतात. ते त्याच फंडात घातलेस तर पंधराव्या वर्षाअखेर त्यांचेही पावणेएकोणचाळीस लाख झालेले असतात. म्हणजे खरा फरक पावणेसात लाखांचा. शेवटी सगळे युनिट एकदम विकलेस तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, सवा लाखाची सूट धरूनही तो जाणारच. मग फरक उरतो साडेचार लाखांच्या आसपास. आणि बाजाराने कर जाऊन सहाच टक्के दिले, तर पारडं उलटतं आणि कर्ज फेडणारा साधारण तेवढ्याच रकमेने पुढे राहतो. पंधरा वर्षांत साडेचार लाख इकडे किंवा तिकडे, एवढाच हा वाद आहे.

म्हणून माझ्या लेखी खरा प्रश्न परताव्याचा नाहीच. कर्ज संपल्यावर मोकळा झालेला हप्ता दुसऱ्याच महिन्यापासून गुंतवणारा माणूस तू आहेस का, हा आहे. माझ्या पाहण्यातले बरेचजण तेव्हा मोठी गाडी घेतात. तसाच एसआयपीवाल्याचाही कस लागतो. 2008 साली सेन्सेक्स वर्षभरात निम्म्याहून खाली आला, तेव्हा एसआयपी बंद करून फंड मोडणाऱ्यांच्या रांगा होत्या. तो 11 टक्क्यांचा हिशेब अशा वर्षातही हप्ता चालू ठेवणाऱ्यासाठी आहे.

एवढं मात्र नक्की की साडेआठ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून एफडी करण्यात अर्थ नाही. एफडीच्या व्याजावर तुझ्या स्लॅबने कर जातो. पीपीएफही 7.1 टक्के देतो, म्हणजे कर नसूनही कमीच. तेव्हा कर्जाशी बरोबरी करायची तर इक्विटीशीच.

करसवलत जाईल म्हणून कर्ज फेडत नाही, असं म्हणणारे फार भेटतात. नव्या करप्रणालीत असशील तर स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही. जुनीत असशील तर वर्षाला दोन लाखांपर्यंत मिळते. पण तुझं यंदाचं व्याजच तीन लाखांच्या घरात आहे. मुद्दल भरशील तेव्हा आधी दोन लाखांवरचं व्याज कमी होईल, ज्यावर तसाही एक पैसा सुटत नव्हता. मुद्दल साडेतेवीस लाखांपर्यंत उतरेतोवर तुझी वजावट जवळपास जशीच्या तशी राहते. घर आणि कर्ज दोघांच्या नावावर असेल तर दोघांची वजावट मिळून हिशेब धर.

यापैकी काहीही करण्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च आणि तेवढेच हप्ते बाजूला ठेव. नोकरी कधी जाईल सांगता येत नाही, आणि कर्जात भरलेला पैसा बँक 'परत दे' म्हटल्यावर देत नाही. काही बँकांची ओव्हरड्राफ्ट पद्धतीची गृहकर्जं असतात, स्टेट बँकेचं मॅक्सगेन तसलंच. त्यात जास्तीचा पैसा ठेवला की व्याज वाचतं आणि गरजेला काढताही येतो. दर थोडा जास्त असतो, त्यामुळे खात्यात मोठी रक्कम पडून राहणार असेल तरच परवडतं.

मला विचारशील तर पगारातले दहा हजार एसआयपीत घाल, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापले जातील असे. बोनस मात्र दरवर्षी कर्जात भर. पगारातली शिल्लक तू एसआयपीने बांधून ठेवशील, पण खात्यात पडलेला बोनस महिनाभरात कुठे जातो ते तुझं तुलाच कळत नाही.

भरताना नुसतं ऑनलाइन ट्रान्सफर करून मोकळा होऊ नकोस. ही रक्कम मुद्दलात जमा करा, हप्ता तोच ठेवा आणि मुदत कमी करा, असं लेखी दे. नाहीतर काही ठिकाणी ती पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ धरली जाते, किंवा हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवली जाते. मग महिन्याला थोडे मोकळे होतात आणि ते खर्चात विरतात. आठवड्याने नवं परतफेडीचं वेळापत्रक मागव आणि शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आली का ते बघ. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर आधी पैसे भरल्याबद्दल दंड घेता येत नाही. कोणी मागितलाच तर लेखी कारण माग. ठरलेल्या दराचं कर्ज असेल तर करारपत्र वाच, तिथे दंड असू शकतो.

कर्ज फिटलं की घराचे मूळ कागद 30 दिवसांत परत मिळायला हवेत. हा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाचे 5,000 रुपये ती तुला देणं लागते.